बाहेर सावकाश, आत भरभर: थ्रीडी प्रिंटमध्ये भिंती, इनफिल आणि वरच्या थराचे वेग वेगळे कसे ठरवावेत

टेबलावरच्या दिव्यासाठी एक बैठक छापायची आहे असं धरू. १०० मिमी लांब, ६० मिमी रुंद, ४० मिमी उंच असा साधा ठोकळा. थराची जाडी ०.२ मिमी, रेषेची रुंदी ०.४५ मिमी, तीन भिंती, १५ टक्के इनफिल म्हणजे आतल्या भरावाची जाळी, साहित्य पीएलए. चारही बाजू आणि वरचा भाग डोळ्यांसमोर राहणार, बूड मात्र कुणालाच दिसणार नाही. या एका ठोकळ्यावर सगळा हिशोब करून पाहू, कारण वेग ठरवण्याआधी वेळ नेमका कुठे जातो हे कळायला हवं. बहुतेकांची चूक इथेच होते. मीही बरेच दिवस प्रिंट लवकर हवी असली की सगळेच आकडे वाढवायचो आणि चांगली हवी असली की सगळेच कमी करायचो.

ठोकळ्याच्या मधल्या एका थरात नोझल किती अंतर चालतं ते मोजू. बाहेरची भिंत म्हणजे एक फेरी, सुमारे ३१८ मिमी. आतल्या दोन भिंती मिळून ६२५ मिमी. इनफिलची लांबी काढायला आतलं क्षेत्रफळ घ्यायचं, त्याला घनतेने गुणायचं आणि रेषेच्या रुंदीने भागायचं. इथे ती येते सुमारे १,८६० मिमी. म्हणजे एका थरात नोझल २,८०० मिमी चालतं आणि त्यातली जेमतेम ११ टक्के वाट बाहेरच्या भिंतीची असते. लोकांना दिसतं ते एवढंच. दोन तृतीयांश वाट इनफिलची, आणि ते कायमचं झाकलं जाणार.

आता वेळ पाहू. सगळ्याला ५० मिमी प्रतिसेकंद वेग दिला, तर असा थर ५६ सेकंदांत होतो. ४० मिमी उंचीत २०० थर. त्यातले ९ भरीव, तळाचे चार आणि वरचे पाच. पहिला थर नेहमीप्रमाणे २५ च्या वेगाने. सगळं मिळून कागदावर ३ तास ४३ मिनिटं.

आता बाहेरची भिंत ४० वर आणली, म्हणजे आधीपेक्षा हळू. आतल्या भिंती ८०, इनफिल १००, आतले भरीव थर ९०, आणि सगळ्यात वरचा दिसणारा थर ४०. पहिल्या थराला हात लावला नाही. आता मधला थर ३४ सेकंदांत होतो आणि पूर्ण ठोकळा २ तास २२ मिनिटांत. दिसणारे दोन्ही पृष्ठभाग आधीपेक्षा सावकाश छापले गेले, तरी एक तास वीस मिनिटं वाचली.

हा हिशोब कागदावरचा आहे. नोझलचा वेग वाढायला आणि कमी व्हायला लागणारा वेळ त्यात धरलेला नाही, रिकाम्या हालचालीही नाहीत. स्लायसर, म्हणजे मॉडेलचे थर पाडून यंत्राला आज्ञा तयार करून देणारं सॉफ्टवेअर, दोन्ही बाबतीत याहून जास्त वेळ दाखवेल. पण दोन मांडण्यांतला फरक याच दिशेने राहतो.

आणखी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. याच ठोकळ्यात बाहेरची भिंत ४० वरून ८० वर नेली तर फक्त १३ मिनिटं वाचतात. वरचा दिसणारा थर ४० वरून २० वर आणला तर पाचच मिनिटं वाढतात. घाई करायची जागा कोणती आणि दमाने घ्यायची कोणती, याचा निकाल या दोन आकड्यांत लागतो.

आधी कमाल मर्यादा शोधा

इनफिलचा वेग मनाला येईल तो देता येत नाही, कारण हॉटएंड प्लॅस्टिक किती झपाट्याने वितळवतो याला मर्यादा असते. ती मिमी प्रतिसेकंदात मोजत नाहीत, घन मिमी प्रतिसेकंदात मोजतात. रेषेची रुंदी, थराची जाडी आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे प्रवाह. ०.४५ × ०.२ × १०० म्हणजे ९ घन मिमी प्रतिसेकंद. थर ०.३ मिमीचा केला की त्याच वेगाला प्रवाह साडेतेरा होतो. म्हणून दुसऱ्याने सांगितलेला वेग थराची जाडी आणि रेषेची रुंदी विचारल्याशिवाय उचलू नये.

तुमच्या हॉटएंडची मर्यादा घरीच मोजता येते. नोझल पलंगापासून, म्हणजे वस्तू जिच्यावर छापली जाते त्या पाटीपासून, बरंच वर न्या आणि नेहमीच्या छपाईच्या तापमानाला आणा. फिलामेंट पुढे ढकलणाऱ्या एक्स्ट्रूडरच्या तोंडापासून ७० मिमी वर फिलामेंटवर पेनने खूण करा आणि यंत्राला या आज्ञा देऊन ५० मिमी फिलामेंट ढकला:

```
M83
G1 E50 F200
```

१.७५ मिमी फिलामेंटचा छेद सुमारे २.४ चौरस मिमी असतो. त्यामुळे `F` च्या दर २५ मागे साधारण १ घन मिमी प्रतिसेकंद असा सोपा हिशोब बसतो. `F200` म्हणजे ८, `F250` म्हणजे १०, `F300` म्हणजे १२. प्रत्येक वेळी नवी खूण करायची, वेग एक पायरी वाढवायचा, आणि खूण तोंडापासून २० मिमीवर येऊन थांबते का ते मोजायचं. ज्या पायरीला ती २२ किंवा २५ मिमीवर थांबते, तिथे एक्स्ट्रूडरचे दात फिलामेंटवर घसरायला लागलेले असतात. अनेकदा एक्स्ट्रूडरची टकटकही ऐकू येते. त्याच्या आधीची पायरी हीच तुमची मर्यादा.

पण ही मर्यादा मोकळ्या हवेतली आहे. खऱ्या छपाईत नोझलच्या तोंडाशी आधीचा थर असतो आणि तो उलटा दाब देतो. म्हणून मोजलेल्या आकड्यातून किमान २० टक्के वजा करा. समजा १२ पर्यंत सगळं स्वच्छ गेलं, तर वापरायचे साडेनऊ. ते ०.०९ ने, म्हणजे रुंदी गुणिले जाडी याने, भागले की १०६ मिमी प्रतिसेकंद येतात. वरच्या उदाहरणातला इनफिलचा १०० चा आकडा असाच आला होता.

हा आकडा स्लायसरमध्ये फिलामेंटच्या सेटिंगमध्ये भरून ठेवा. ऑर्कास्लायसर आणि प्रुसास्लायसरमध्ये ते घर `Max volumetric speed` या नावाचं आहे. पुढे कधी थराची जाडी वाढवलीत आणि वेग कमी करायला विसरलात, तर स्लायसर आपणच लगाम खेचतो. फिलामेंट बदललं की मोजणी पुन्हा करायची. पीईटीजीला पीएलएचा आकडा बहुधा झेपत नाही.

बाहेरची भिंत डोळ्यांनी ठरवायची

इथे गणित बाजूला ठेवून चाचणी छापायची. ऑर्कास्लायसरमध्ये `Calibration` मेनूत `VFA` नावाची तयार चाचणी आहे. त्यात एक मनोरा छापला जातो आणि जसजसा तो वर जातो तसतसा बाहेरच्या भिंतीचा वेग वाढत जातो. प्रुसास्लायसरमध्ये पोकळ मनोऱ्यावर उंचीनुसार बदलाचे टप्पे लावून तेच साधता येतं. सुरुवात ३० पासून करा, दर १० मिमी उंचीला वेग वाढवा. मनोऱ्याला टोकदार कोपरे हवेत आणि सपाट बाजू किमान ५० मिमी रुंद हवी. बाजू फार लहान असेल तर जास्त वेगाच्या मजल्यांवर नोझलला ठरलेल्या वेगाने चालायला फारशी जागा उरत नाही.

या चाचणीपुरतं थर लवकर संपल्यावर वेग कमी करण्याचं सेटिंग बंद ठेवा. ते चालू राहिलं तर मनोऱ्याचे सगळे मजले एकाच वेगाने छापले जातील आणि सगळेच सुंदर दिसतील. मी एकदा याच कारणाने ८० चा वेग छान जमतोय असं समजून बसलो होतो. प्रत्यक्षात नोझल पूर्ण वेळ ३५ च्या आसपास चालत होतं.

मनोरा छापून झाला की दिव्यासमोर तिरपा धरून पाहा. समोरून पडलेल्या उजेडात दोष लपतात. कोपऱ्यानंतर भिंतीवर पाण्यातल्या तरंगांसारख्या लहरी दिसतात का? कोपरे फुगलेत का? कुठल्या मजल्यावर चकाकी बदलते? ज्या मजल्यावर हे तिन्ही नीट आहे, त्यातला सर्वात वेगवान मजला तुमचा.

लहरींबद्दल थोडं खोलात जाऊ, कारण तिथे बरेच जण चुकीच्या ठिकाणी औषध लावतात. नोझल कोपऱ्यात दिशा बदलतं, तेव्हा यंत्राच्या चौकटीला हिसका बसतो आणि ती काही क्षण थरथरते. ती थरथर भिंतीवर लहरी म्हणून उमटते. दोन लहरींमधलं अंतर म्हणजे वेग भागिले थरथरीची वारंवारता. यंत्र सेकंदाला ४० वेळा थरथरत असेल, तर ८० च्या वेगाला लहरी २ मिमी अंतरावर येतील आणि ४० च्या वेगाला १ मिमीवर. वेग कमी केला की लहरी जवळ येतात आणि लवकर विरतात. पण हिसक्याचा जोर ठरतो तो मुख्यतः प्रवेगावर, म्हणजे वेग किती झटक्यात बदलतो त्यावर. त्यामुळे लहरी दिसल्या तर आधी बाहेरच्या भिंतीचा प्रवेग कमी करून पाहा. थरथर आपोआप कमी करणारं इनपुट शेपिंग नसलेल्या साध्या यंत्राला ५०० ते १,००० मिमी प्रतिसेकंद वर्ग ही चांगली सुरुवात आहे. ४० चा वेग ६०० च्या प्रवेगाने गाठायला सव्वा मिमीच्या आसपास अंतर पुरतं, म्हणजे त्यात वेळही फारसा जात नाही. आतल्या भिंतींना आणि इनफिलला मात्र जास्त प्रवेग द्या, तिथल्या लहरी कुणी पाहणार नाही.

लहरींसारख्याच दिसणाऱ्या, पण कोपऱ्यापासून दूरही तशाच राहणाऱ्या उभ्या रेषा दिसल्या, तर मनोऱ्याच्या दोन वेगवेगळ्या मजल्यांवर त्यांचं अंतर मोजा. वेगाबरोबर अंतर बदलत असेल तर ती थरथर आहे. अंतर तेवढंच राहत असेल तर दोष यंत्राच्या भागांत आहे. नेहमीच्या जीटी-२ पट्ट्याचे दात २ मिमी अंतरावर असतात. रेषाही बरोबर २ मिमीवर असतील तर पट्टा, त्याचा ताण आणि पुली तपासा. वेगाच्या आकड्यांशी कितीही खेळलात तरी त्या पूर्ण जाणार नाहीत.

आतल्या भिंती: दोघांमधला दुवा

आतल्या भिंती दिसत नाहीत, मग त्यांनाही इनफिलचाच वेग का देऊ नये? दिलात तर काही यंत्रांवर चालून जातं. पण बऱ्याच यंत्रांवर त्याची किंमत बाहेरच्या भिंतीला मोजावी लागते. याचं कारण नोझलमधल्या दाबात आहे.

वितळलेलं प्लॅस्टिक दाबाखाली बाहेर येतं. जास्त प्रवाहाला जास्त दाब लागतो. नोझल १०० वरून ४० वर आलं की एक्स्ट्रूडर लगेच हळू होतो, पण आत साठलेला दाब लगेच उतरत नाही. तो उतरेपर्यंतच्या काही मिमी लांबीत जास्तीचं प्लॅस्टिक पडतं. एक्स्ट्रूडर आणि हॉटएंड यांच्यात लांब नळी असेल, तर फिलामेंट त्या नळीत दबून बसतं आणि हा परिणाम आणखी वाढतो.

आता छपाईचा क्रम आठवा. बहुतेक वेळा आधी आतल्या भिंती, मग बाहेरची, मग इनफिल असा क्रम असतो. म्हणजे बाहेरच्या भिंतीच्या लगेच आधी छापली जाते ती आतली भिंत. दोन्ही खेटून असल्यामुळे मधली उडी अर्ध्या मिमीची असते आणि तेवढ्यात फिलामेंट मागेही ओढलं जात नाही. आतल्या भिंतीचा दाब जसाच्या तसा बाहेरच्या भिंतीच्या सुरुवातीला येतो. शिवण, म्हणजे भिंतीची फेरी सुरू होऊन संपते ती जागा, नेमकी तिथेच असते. शिवण जाड आणि गाठाळ दिसतेय म्हणून लोक फिलामेंट मागे ओढण्याचे आकडे बदलत बसतात, आणि खरं कारण असतं आतल्या भिंतीचा वेग.

इनफिल मात्र बाहेरच्या भिंतीच्या नंतर येतं आणि पुढच्या थराची सुरुवात पुन्हा आतल्या भिंतीने होते. इनफिलच्या दाबाचा धक्का ती झेलते. त्यामुळे इनफिल बाहेरच्या भिंतीच्या अडीचपट वेगाने धावलं तरी बिघडत नाही. आतल्या भिंतीने मात्र दुपटीच्या आत राहावं. ४० ला ८०, ३० ला ६०. `Pressure advance` किंवा `Linear advance` नीट जुळवलेलं असेल तर हा नियम सैल करता येतो, कारण फर्मवेअर वेग उतरत असतानाच दाबही उतरवतं. जुळवलेलं नसेल तर आधी ते जुळवा, मगच या आकड्यांना हात लावा.

तुमच्या यंत्राला किती झेपतं हे पाहायला दोन ठोकळे छापा. बाहेरचा वेग दोन्हीकडे ४०. आतला एकात ४०, दुसऱ्यात ८०. दोघांच्या शिवणी बोटाने चाचपा. फरक हाताला लागला तर आतला वेग ६० वर आणा. आपल्या ठोकळ्यात ८० वरून ६० वर येण्याची किंमत साधारण नऊ मिनिटं आहे.

एक अपवाद सांगायला हवा. बाहेरची भिंत आधी छापायचा क्रम निवडलात तर हे सगळं चित्र पालटतं. तेव्हा बाहेरच्या भिंतीच्या आधी मागच्या थराचं इनफिल असतं. तिथपर्यंतच्या उडीत फिलामेंट मागे ओढलं जात असेल तर दाब बराचसा सुटतो, पण नळीच्या यंत्रावर मी त्यावर विसंबत नाही आणि इनफिलचा वेगही खाली आणतो.

इनफिल धावू द्या, पण त्यावर नजर ठेवा

इनफिलचा वेग प्रवाहाच्या मर्यादेवरून आलाच आहे. दोष दिसत नाही म्हणून तो नसतो असं मात्र नाही. एक प्रिंट अर्ध्यावर थांबवून आत पाहा. रेषा सलग आहेत का? तुटक आहेत, भिंतीला टेकण्याआधीच संपतात, किंवा धाग्यासारख्या बारीक होतात, तर प्रवाह कमी पडतोय. वेग १० टक्के कमी करा किंवा तापमान ५ अंशांनी वाढवा. बाहेरून ठीक दिसणाऱ्या वस्तूवर अंगठा दाबला आणि करकर आवाज आला, तरी कारण बहुधा हेच असतं.

नक्षीचाही संबंध येतो. `Grid` मध्ये एकाच थरातल्या रेषा एकमेकींना ओलांडतात आणि प्रत्येक छेदावर प्लॅस्टिकचा उंचवटा तयार होतो. जास्त वेगाने नोझल त्यावर आपटतं, खटखट आवाज येतो, आणि उंच बारीक वस्तू पलंगावरून सुटूही शकते. `Gyroid` मध्ये छेद नसतात, पण सतत वळणं असल्यामुळे नोझल ठरलेला वेग क्वचितच गाठतं आणि यंत्र हलत राहतं. वेगाचा पूर्ण फायदा हवा असेल तर सरळ लांब रेषांची नक्षी बरी. अशा ठोकळ्याला मी `Rectilinear` घेतो.

वरचा थर

आपल्या ठोकळ्याच्या वरच्या पाच भरीव थरांपैकी दिसणारा फक्त शेवटचा. म्हणून स्लायसरमध्ये त्यांचे वेगही वेगळे असतात. आतल्या भरीव थरांना ९०, दिसणाऱ्याला ४०. ऑर्कामध्ये ही घरं `Internal solid infill` आणि `Top surface` या नावांनी आहेत. प्रुसास्लायसरमध्ये `Solid infill` आणि `Top solid infill`. क्युरामध्ये `Top/Bottom Speed` हे घर वरच्या आणि तळाच्या सगळ्या भरीव थरांना एकत्र लागू होतं. फक्त शेवटचा थर वेगळा काढायचा असेल तर आधी `Top Surface Skin Layers` मध्ये १ भरा, मग त्या थराचा स्वतःचा वेग वापरात येतो.

वरच्या थराला सावकाश का छापायचं? त्यात शेकडो रेषा शेजारी शेजारी पडतात आणि प्रत्येक रेषेच्या टोकाला नोझल थांबून मागे वळतं. वेग जास्त असेल तर वळणाआधी दाब जास्त उरतो आणि टोकाला गुठळी होते. वळणानंतर वेग चढताना प्लॅस्टिक कमी पडतं. परिणामी भिंतीला लागून बारीक टोचे किंवा फटींची रांग दिसते. ती दिसली तर वेग १० ने कमी करा. चकाकीही वेगावर ठरते. सावकाश पडलेली रेषा जास्त चकचकीत, वेगाने पडलेली मंद. रुंद भागात लांब रेषा आणि निमुळत्या भागात आखूड रेषा असतील, तर जास्त वेगाला त्या दोन भागांची चकाकी वेगळी दिसते, कारण आखूड रेषांत नोझल कधी पूर्ण वेगाला पोचतच नाही. ४० च्या वेगाला हा फरक जवळपास मिटतो. नक्षी `Monotonic` ठेवली की सगळ्या रेषा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे क्रमाने पडतात आणि मधले पट्टेही जातात.

पण वरच्या थरात खड्डे पडले असतील, पृष्ठभाग उशीसारखा फुगला असेल किंवा भोकं राहिली असतील, तर शेवटच्या थराचा वेग कमी करून फायदा नाही. खालचा आधार अपुरा आहे. इनफिलवर पडणारा पहिला भरीव थर खरं तर पूल असतो. तो एका इनफिल रेषेवरून दुसरीवर ताणला जातो आणि मध्ये लोंबतो. वरचे थर ती उणीव हळूहळू भरून काढतात. एकूण जाडी ०.८ ते १ मिमी हवी, म्हणजे ०.२ च्या थरांनी चार ते पाच थर. तेवढे असूनही खड्डे राहिले तर इनफिल २० टक्क्यांवर न्या.

घुमटासारख्या किंवा उताराच्या वस्तूत मात्र सगळा हिशोब बदलतो. तिथे जवळपास प्रत्येक थरात वरच्या पृष्ठभागाची एक अरुंद कड असते. त्यामुळे वरच्या थराचा वेग एका थरापुरता न राहता पूर्ण प्रिंटभर लागू होतो. अशा वेळी तो बाहेरच्या भिंतीइतकाच ठेवा. दोन्ही पृष्ठभाग शेजारी शेजारी दिसतात आणि चकाकी जुळलेली बरी दिसते.

आकडे भरणं आणि प्रिव्ह्यू वाचणं

प्रुसास्लायसरमध्ये हे आकडे असे दिसतील:

```
external_perimeter_speed = 40
perimeter_speed = 80
infill_speed = 100
solid_infill_speed = 90
top_solid_infill_speed = 40
external_perimeter_acceleration = 600
```

यातली काही घरं टक्क्यांतही भरता येतात आणि तिथे फसगत होते. बाहेरच्या भिंतीची टक्केवारी आतल्या भिंतीच्या वेगावर मोजली जाते, भरीव थराची इनफिलवर, आणि वरच्या थराची भरीव थरावर. महिन्याभराने घाईत इनफिलचा वेग वाढवला की वरचा थरही गुपचूप वेगवान होतो. म्हणून दिसणाऱ्या दोन पृष्ठभागांना मी नेहमी सरळ आकडाच देतो. क्युरामध्येही लहान वेग मोठ्या वेगावरून काढलेले असतात. मूळ मांडणीत `Print Speed` ६० असेल तर बाहेरची भिंत ३० आणि आतली ६० अशी येते. `Print Speed` बदलला की सगळे हलतात. बाहेरच्या भिंतीत स्वतः आकडा टाकला की ती त्या साखळीतून सुटते.

स्लाइस केल्यावर प्रिव्ह्यूमध्ये रंगांची वाटणी `Speed` वर ठेवा आणि मधला एखादा थर उघडा. भरलेले वेग खरंच दिसतात का? न दिसण्याची दोनच मोठी कारणं असतात. एक, प्रवाहाची मर्यादा. इनफिलला १५० भरलेत आणि दिसतात १०६, म्हणजे लगाम लागलाय. दुसरं, थर थंड व्हायला ठेवलेला किमान वेळ.

हे दुसरं कारण लहान वस्तूंत सगळे आकडे निकामी करतं. २० मिमी चौरसाचा खांब घ्या, बाकी सगळं तेच. वरच्या वेगांनी त्याचा एक थर पाच सेकंदांतच संपतो. किमान वेळ ८ सेकंद ठेवला असेल तर स्लायसर वेग खाली आणतो, आणि इनफिलला १०० दिलेत काय नि २०० दिलेत काय, थर ८ सेकंदांचाच राहतो. अशा वस्तूंची वेळ वाचवायची असेल तर एका वेळी दोन-तीन छापा. एक थंड होईपर्यंत नोझल दुसरीवर काम करतं.

यातून आणखी एक दोष निघतो. वस्तू खाली रुंद आणि वर निमुळती असेल तर ठरावीक उंचीनंतर थराचा वेळ ८ सेकंदांच्या खाली जातो आणि तिथून बाहेरची भिंतही हळू होऊ लागते. त्या उंचीला चकाकी बदलून आडवा पट्टा दिसतो. रेशमी चकाकीच्या फिलामेंटमध्ये तो फार उठून दिसतो. उपाय असा, की बाहेरची भिंत आधीच एवढी हळू ठेवायची की निमुळत्या भागातही तिला फारसं खाली यावं लागू नये. ऑर्कामध्ये थंड करण्यासाठी वेग कमी करताना बाहेरच्या भिंतीला हात न लावण्याचा पर्यायही आहे.

आणि आपल्या ठोकळ्यावर ३९ मिमी उंचीच्या जवळ चारही बाजूंनी एक पुसट आडवी रेघ दिसली, तर बाहेरच्या भिंतीच्या वेगाला दोष देऊ नका. तिथे इनफिल संपून भरीव थर सुरू होतात. थराचा वेळ ३४ सेकंदांवरून एकदम दीडशेच्या पुढे जातो, आणि थंड होण्याचं व आकसण्याचं प्रमाण बदलतं. भरीव थरांचा वेग आणखी वाढवला तर ही रेघ थोडी फिकी होते, कारण दोन्ही वेळा जवळ येतात. प्रवाहाची मर्यादा ९.५ असेल तर ९० वरून १०० वर जायला जागा आहे, तेवढं करून पाहा.